मोदक उशिरा पोचले, शिवाय फुटले, आणि गूगलवर एक स्टार: उत्तर कसं लिहायचं?

प्रश्न: मी कर्वेनगरमधून घरगुती उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. गणेश चतुर्थीला एका बाईंना २१ मोदक ११ पर्यंत द्यायचे होते, त्यांच्या हातात पडले १२:५० ला. संध्याकाळी त्यांनी एक स्टार देऊन लिहिलं: "नैवेद्य दोन तास खोळंबला. २१ पैकी ६ मोदक फुटलेले. फोन केला तर म्हणे, आज सगळ्यांकडेच गणपती आहे, थांबा जरा. पैसे परत करायची भाषासुद्धा नाही. १ ते ४ झोपणाऱ्यांकडून दुसरी काय अपेक्षा!" मी हे उत्तर लिहून ठेवलंय, अजून टाकलेलं नाही: "आपला काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. त्या दिवशी अर्ध्या पुण्याचे रस्ते बंद असतात हे आपल्याला माहीत असेलच. आमचा मुलगा आपल्या सोसायटीच्या गेटवर २० मिनिटं उभा होता, आपण फोन उचलला नाहीत. आजवर आमच्या मोदकांबद्दल एकही तक्रार आलेली नाही. हा घरगुती व्यवसाय आहे, सणाच्या दिवशी असं लिहिणं शोभत नाही." यात एक अक्षर खोटं नाही. तरी मुलगी म्हणते हे भांडल्यासारखं वाटतं. मग लिहू काय?

उत्तर: मुलीचं ऐका आणि हे टाकू नका. खरं-खोटं हा इथे मुद्दाच नाही. तुमचं प्रत्येक वाक्य त्या बाईंना उद्देशून आहे, आणि हे उत्तर वाचणाऱ्या अनेकांत त्या बाई फक्त एक असतील. बाकीचे सगळे तुम्हाला ओळखत नसलेले लोक आहेत. पुढच्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी बाणेरमधली किंवा सदाशिव पेठेतली कुणीतरी फोनवर उकडीचे मोदक शोधेल. तीन-चार नावं दिसतील, सगळ्यांचे स्टार जवळपास सारखेच. मग ती क्रम बदलून 'Lowest' वर बोट ठेवेल आणि सगळ्यात वाईट अभिप्राय आधी वाचेल. नुसत्या चांगल्या अभिप्रायांवर बरेच जण विसंबत नाहीत, वाईटाखाली मालकाने काय लिहिलंय तेही बघतात. तिच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: माझ्या ऑर्डरीचं काही बिनसलं, तर ही बाई माझ्याशी कशी बोलेल? तुमचा मसुदा वाचून तिला उत्तर मिळतं की माझ्याशीही अशीच बोलेल.

म्हणून लिहायच्या आधी दोन कामं उरकायची आहेत. ती न करता लिहिलेलं उत्तर कितीही गोड असलं तरी पोकळ वाटतं.

पहिलं काम म्हणजे त्या दिवसाची उजळणी, आठवणीवर न विसंबता. व्हॉट्सॲप उघडा आणि तुम्ही नेमकं काय कबूल केलं होतं ते बघा. "११ पर्यंत" आणि "११ च्या सुमारास" यांत ग्राहकासाठी बराच फरक असतो. मुलगा घरातून किती वाजता निघाला, गेटवरून त्याने पहिला फोन कधी केला, हे त्याच्या फोनच्या यादीत मिळेल. समजा तो १२:३० ला गेटवर होता. मग २० मिनिटं तिथे गेली हे कबूल, पण कबूल केलेल्या वेळेनंतरचा दीड तास त्याआधीच उलटून गेला होता. म्हणजे ज्या गोष्टीवर तुमचा सगळा भर आहे, त्या गोष्टीने नैवेद्य चुकल्याच्या हिशोबात काहीच फरक पडत नाही. ती घडली, पण या उत्तरात तिला जागा नाही. मुलगा पावणेअकरालाच गेटवर पोचला असता तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा ती लिहावीच लागली असती.

मोदक का फुटले, हेही आत्ताच शोधा. त्यांनी फोटो टाकला असेल तर तो मोठा करून बघा. मोदक वरून, कळ्यांपाशी, तडकलेले दिसत असतील तर दोष उकडीचा: उकड नीट मळली गेली नाही, किंवा पारी करेपर्यंत उघडी राहून सुकली. खालून फाटलेले आणि बुडाला कागद चिकटलेला असेल तर दोष भरण्याचा: उकडपात्रातून काढलेले गरम मोदक लगेच झाकणाच्या डब्यात एकावर एक गेले, वाफेचं पाणी झालं, खालचे मऊ पडून चिकटले आणि उचलताना फाटले. त्यात स्कूटरचे हादरे. या दोन्हींतलं तुमचं काय झालं हे कळल्याशिवाय उत्तरात कारण लिहू नका. मोदक करणारी प्रत्येक बाई हे वाचणार आहे. "काही कारणास्तव मोदकांना तडे गेले" असं लिहिलंत तर तिला कळतं की तुम्हालाच अजून पत्ता लागलेला नाही.

फोन कुणी घेतला होता? बहुतेक तुम्ही नसणार, तुमचे हात उकडीत असतील. जाऊबाई असोत नाहीतर मुलगा, त्यांना विचारा, पण झाडाझडती घेऊ नका. ते वाक्य म्हटलं गेलं होतं का, एवढंच हवंय. म्हटलं गेलं असेल तर ते तुमच्या घरातूनच गेलं. उत्तरात "फोन आमच्या नातेवाइकांनी घेतला होता" असं लिहून अंग काढून घेता येणार नाही, आणि घेऊही नये.

दुसरं काम पैशाचं, आणि ते जाहीर उत्तराच्या आधी. त्या बाईंना थेट मेसेज करा. लोक इथे नेहमी क्रम उलटा करतात: आधी गूगलवर "कृपया आमच्याशी संपर्क साधा" असं लिहितात आणि मग ग्राहकाच्या फोनची वाट बघत बसतात. ज्या बाईंनी फोन करून एकदा "थांबा जरा" ऐकलंय, त्यांनाच पुन्हा फोन करायला सांगायचं? त्यांचा नंबर तुमच्याकडे आहे. मेसेज असा काहीतरी असू दे:

"नमस्कार. मी मोदकांच्या ऑर्डरी घेते ती. चतुर्थीला तुमचे मोदक फार उशिरा आले, त्यातले काही फाटलेलेही होते. माझी चूक झाली. ऑर्डरीचे पूर्ण पैसे परत करायचे आहेत. ज्या नंबरवरून तुम्ही पैसे पाठवले होते त्यावरच पाठवू का?"

पूर्ण पैसे का, फुटलेल्या सहांचेच का नाहीत, असं तुमच्या मनात येईल. शेवटी मोदक तर सगळेच खाल्ले गेले असतील. पण त्यांनी तुमच्याकडून खायला मोदक घेतले नव्हते, मध्यान्हाच्या पूजेला नैवेद्य घेतला होता, आणि तो मिळाला नाही. समजा ४० रुपयांनी २१ मोदकांचे ८४० रुपये झाले. सहांचे २४० परत करायला गेलात तर त्यात हिशोब दिसतो, आणि राग पुन्हा पेटतो. माझं मत विचाराल तर अशा वेळी एकतर सगळे परत करावेत, नाहीतर पैशांचा विषयच काढू नये. न विचारता परस्पर पैसे पाठवू नका, काहींना तो तोंड बंद करण्याचा प्रकार वाटतो. आणि त्या मेसेजमध्ये अभिप्रायाचा उल्लेखही नको. "पैसे देते, तेवढं काढून टाका" हे वाक्य स्क्रीनशॉट होऊन तुमच्याच पानावर येऊ शकतं. शिवाय पैसे, सूट किंवा फुकट माल देऊन वाईट अभिप्राय बदलायला वा काढायला लावणं गूगलच्या नियमांत बसत नाही. बाईंनी आपणहून बदलला तर उत्तम. तुम्ही विचारायचं नाही.

आता तुमचा मसुदा. मला त्यातलं पहिलं वाक्य सगळ्यात जास्त खटकतं. "गैरसमज" म्हणजे समोरच्याला नीट कळलं नाही. मोदक उशिरा आले आणि फुटले, यात कळण्यासारखं राहिलंय काय? गंमत म्हणजे हे वाक्य आपण नरमाईने लिहिलं असं लिहिणाऱ्याला वाटत असतं. "आपल्याला तसं वाटलं असेल तर क्षमस्व" याचीही तीच जात. माफी मागितल्यासारखी दिसते, पण दोष ग्राहकाच्या वाटण्यावर ढकललेला असतो. मराठी माणसाला ही चलाखी लगेच कळते, घरोघरी रोज ऐकलेली असते.

रस्ते बंद होते, हे कारण दुसऱ्या शहरात कदाचित चाललं असतं. पुण्यात चतुर्थीला सकाळपासून मानाच्या गणपतींच्या मिरवणुका निघतात, पेठांतले रस्ते बंद होतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणूनच हे कारण तुमच्यावर उलटतं. तुम्ही दरवर्षी याच दिवशी ऑर्डरी घेता, मग रस्ते बंद असणार हे धरून ११ ची वेळ कशी दिलीत? आधीपासून माहीत असलेलं कारण हे कारण राहत नाही, ती नियोजनातली चूक होते. रस्त्यांचा उल्लेख करायचाच असेल तर तो पुढे काय बदललं हे सांगताना करा. "रस्ते बंद होतात, म्हणून पुढच्या वर्षी पेठांतल्या ऑर्डरी ९ च्या आत घरातून निघतील" हे वाचणाऱ्याच्या उपयोगाचं आहे. नुसतं "रस्ते बंद होते" त्याच्या काही उपयोगाचं नाही.

गेटचं वर सांगितलंच, पण त्यात आणखी एक गोम आहे. त्या बाईंचं खातं टोपणनावाचं असू शकतं. तुम्ही जाहीरपणे त्यांची सोसायटी, फोन न उचलणं, ऑर्डरीचा तपशील लिहायला लागलात, की वाचणाऱ्याला वाटतं, उद्या माझंही घर-दार इथे टांगतील. ग्राहकाबद्दलची जी माहिती त्याने स्वतः लिहिलेली नाही, ती तुम्ही लिहायची नाही. एवढा नियम पाळलात तरी अर्धं भांडण टळतं.

"आजवर एकही तक्रार नाही" हे वाक्य तक्रारीच्या खालीच लिहिलं जातं, आणि तिथे ते विनोदी वाटतं. "घरगुती व्यवसाय आहे" हे तुमच्या जाहिरातीत चांगलं दिसतं, कारण घरगुती म्हणजे चव. पण तक्रारीच्या उत्तरात त्याचा अर्थ "आमच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका" असा होतो. शेवटच्या "शोभत नाही" बद्दल मी काही बोलत नाही. ते तुम्हीसुद्धा दुसऱ्या दिवशी खोडलंच असतं.

एक मोह मात्र तुमच्या मसुद्यात नाही, पण येऊ शकतो, कारण आपण पुण्यात आहोत. १ ते ४ चा टोमणा वाचून घरातलं कुणीतरी म्हणेल, द्या एक पुणेरी पाटी ठोकून: "मोदक फुटले, आता नशीब फुटल्यासारखं रडू नका", असलं काहीतरी. लोक हसतील, शेअर करतील, चार दिवस तुमचं नाव होईल. पाट्या भिंतीवर शोभतात, कारण त्या कुणा एकाला उद्देशून नसतात. इथे समोर एक बाई आहे, जिच्या घरी पाहुणे जमलेले, आरती थांबलेली आणि ताट रिकामं होतं. हसणारे मोदक मागवत नाहीत. मागवणारे गप्प राहून दुसरीकडे जातात. टोमण्याला उत्तरच द्यायचं नाही, "आम्ही १ ते ४ काम करतो" असं हसऱ्या चेहऱ्यासकटसुद्धा नाही. तुम्ही तो सोडून दिलात की तो त्यांच्याच अभिप्रायात एकटा, जरा ओशाळलेला राहतो.

उलट टोकाचंही एक उत्तर असतं, आणि तेही बचावाचंच: "आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय." यात कर्ताच नाही. कुणी व्यक्त केली दिलगिरी, कशाबद्दल, काही पत्ता नाही. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं ते वाचणाऱ्याच्या कानावरून जातं. हेच वाक्य तुमच्या पानावर चार ठिकाणी चिकटवलेलं दिसलं तर आणखीच वाईट. तुमच्या उत्तरात "उशीर झाला" ऐवजी "आम्ही उशीर केला" असं यायला हवं. लिहिताना जड जातं, आणि नेमक्या त्याच कारणाने वाचणारा विश्वास ठेवतो.

मी असं लिहिलं असतं:

"मोदक ११ पर्यंत देतो असं आम्ही सांगितलं होतं आणि जवळजवळ दोन तास उशिरा दिले. तुमचा नैवेद्य खोळंबला, त्याबद्दल मी तुमची माफी मागते. गरम मोदक आम्ही डब्यात एकावर एक भरले, त्यामुळे खालचे फाटले. आता ते निवल्यावर केळीच्या पानावर एकाच थरात भरतो. फोनवर तुम्हाला मिळालेलं उत्तरही चुकीचं होतं. मोदक कुठवर आलेत, किती वेळ लागेल, एवढं आम्ही सांगायला हवं होतं. पैसे परत करण्याबद्दल तुम्हाला मेसेज केला आहे. पुढच्या चतुर्थीला सकाळच्या ऑर्डरी कमी घेणार आहोत आणि त्या ९ च्या आत घरातून निघतील."

खाली तुमचं नाव, "व्यवस्थापन" नाही. घरून मोदक करणाऱ्या बाईंनी खाली व्यवस्थापन लिहिलं की वाचणारा गालात हसतो.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. फोनच्या पडद्यावर लांब उत्तराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. म्हणून पहिल्याच वाक्यात उशिराची कबुली आहे. तिथे "नमस्कार, आपण वेळ काढून अभिप्राय दिलात त्याबद्दल आभारी आहोत" असं असतं, तर दिसणारी जागा आभारातच संपली असती, आणि एक स्टारबद्दलचे आभार कुणाला खरे वाटत नाहीत. "जवळजवळ दोन तास" हे त्या बाईंच्या घड्याळाने धरलंय. तुम्ही तुमच्या घड्याळाने "दीड तास" लिहिलंत, तर वीस मिनिटांवरून दुसरं भांडण उभं राहील. त्यांनी सहा म्हटले आणि फोटोत चारच दिसतात, तरी आकडा दुरुस्त करत बसू नका, म्हणून मी "खालचे" म्हटलं आणि आकडाच गाळला. परत करायची रक्कमही गाळली आहे. ती लिहिली की पुढच्या प्रत्येक तक्रारीला तोच दर लागू होतो.

बदल मात्र तोच लिहा जो तुम्ही खरोखर करणार आहात. दोष उकडीचा निघाला असेल तर केळीच्या पानाचं वाक्य काढून, "उकड एकदम सगळी न करता थोडी थोडी करतो, म्हणजे ती सुकत नाही" असं लिहा. सकाळच्या ऑर्डरी कमी करणं परवडत नसेल तर तेही लिहू नका. पुढच्या वर्षी कुणीतरी तुमचं हेच वाक्य वाचून ९ ला फोन करणार आहे.

संबोधन "तुम्ही" ठेवलंय. "आपण" ने कार्यालयीन अंतर येतं, आणि ताई म्हणावं तर चिडलेल्या माणसाला ती सलगी नको असते. अभिप्राय मराठीत असेल तर उत्तर मराठीत, इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. मराठी अभिप्रायाला इंग्रजीतून उत्तर दिलं की ते जास्त सफाईदार वाटेल असं अनेकांना वाटतं. वाचणाऱ्याला ते दुसऱ्याकडून लिहून घेतल्यासारखं वाटतं.

कधी टाकायचं? चतुर्थीच्या रात्री नको. पहाटे तीनपासून उभ्या असाल तर त्या रात्री बरं काही लिहिलं जात नाही. पैशाचा मेसेज गेला आणि कारण सापडलं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाका. गौरींच्या ऑर्डरी तोवर चालूच असतात, त्यामुळे फार लांबवू नका. टाकण्याआधी मुलीला एकदा वाचायला द्या, तिचा कान चांगला दिसतो.

हे सगळं तुमच्यासारख्या प्रसंगाला लागू आहे, जिथे तक्रार मुळात खरी आहे आणि सूर कडवट आहे. दोन ठिकाणी हा मार्ग चालत नाही. कुणी लिहिलं की तुमचे मोदक खाऊन घरातले आजारी पडले, तर जाहीर उत्तरात कारण सांगू नका, कबुलीही देऊ नका आणि नाकारूही नका, कारण तुम्हाला ते अजून माहीतच नाही. "हे वाचून काळजी वाटली, तुम्हाला लगेच फोन करते" एवढं लिहा आणि खरंच फोन करा. त्या दिवशीचा नारळ, गूळ, पिठी कुठून आली, त्याच घाण्यातले मोदक आणखी कुणाकडे गेले, ते तपासा. असं प्रकरण अन्न व औषध प्रशासनापर्यंत किंवा ग्राहक आयोगापर्यंत जाऊ शकतं, आणि तुम्ही जाहीर लिहिलेलं तिथे दाखवलं जाऊ शकतं.

दुसरं ठिकाण म्हणजे जो तुमचा ग्राहकच नाही त्याचा अभिप्राय. इथे घाई नको. ऑर्डर नवऱ्याच्या नावावर असते, अभिप्राय बायको लिहिते. कुणी भावाच्या घरी मोदक पाठवलेले असतात आणि लिहितो भाऊ. म्हणून "खोटा अभिप्राय" असा शिक्का न मारता "या नावाने आमच्याकडे ऑर्डर सापडत नाही, दुसऱ्या नावाने असेल तर कळवा, मी बघते" असं लिहा. ग्राहक असेल तर त्याचा अपमान होत नाही, नसेल तर वाचणाऱ्याला अंदाज येतो. शिवीगाळ, कुणाचा फोन नंबर, दुसऱ्याच दुकानाबद्दलचा मजकूर किंवा स्पर्धकाने लिहिलेलं असं काही असेल तर 'Report review' करून गूगलला कळवता येतं. पण "त्या म्हणतात सहा फुटले, मी म्हणते चार" असल्या वादात गूगल पडत नाही. तुमच्या या अभिप्रायासाठी ते बटण दाबण्यात अर्थ नाही.

घरातले आणखी दोन उपाय सुचवतील. एक म्हणजे सगळ्या नातेवाइकांना पाच-पाच स्टार द्यायला लावणं. एकाच संध्याकाळी आठ पाच-स्टार, सगळ्यांचं आडनाव तुमचंच किंवा माहेरचं, हे वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि गूगलच्या नियमांतही ते बसत नाही. दुसरा उपाय वकिलाच्या नोटिशीचा. बदनामीचं कलम आहे, भारतीय न्याय संहितेत ३५६ वं, पण उशिरा आलेले मोदक उशिरा आले असं लिहिणं ही बदनामी नाही. तसली नोटीस तुमच्या पानावर मूळ अभिप्रायापेक्षा जास्त वाचली जाईल.

उत्तर टाकलं की त्या बाईंना तशी सूचना जाते. त्या अभिप्राय बदलतील, आणखी तिखट करतील किंवा काहीच करणार नाहीत. तिखट केला तरी दुसरी फेरी खेळू नका. तुमचं उत्तर नंतर बदलता येतं, त्यामुळे त्यांनी नवा खरा मुद्दा काढला असेल तर त्याच उत्तरात एक वाक्य वाढवा आणि थांबा. मी बघितलंय की दोनदा-तीनदा दुरुस्त होत गेलेलं उत्तर हळूहळू पुन्हा खुलाशाकडे सरकतं, आणि शेवटी गेटवरची २० मिनिटं परत आत शिरतातच.

पुढच्या चतुर्थीची आताच तयारी करायची तर फोनपासून करा, कारण मला वाटतं की उशीर आणि फाटलेले मोदक त्या बाईंनी गिळले असते, ते एक वाक्य गिळलं नाही. त्या दिवशी फोन घरातल्या अशा माणसाकडे द्या ज्याच्याकडे दुसरं काम नाही. त्याच्यासमोर कागदावर ऑर्डरी, पत्ते, कबूल केलेली वेळ आणि निघाल्याची वेळ असू दे. बोलायचं वाक्यही ठरवून द्या: "तुमचे मोदक साडेदहाला निघालेत, आत्ता म्हात्रे पुलावर आहेत, पंधरा मिनिटं लागतील." आणि अकराची ऑर्डर साडेदहापर्यंत निघालीच नसेल, तर फोनची वाट न बघता आपणच कळवायचं, म्हणजे त्यांना आरतीआधी गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवता येतो आणि मोदक मागाहून पानात वाढता येतात.